ग्रामीण मार्केटिंगचं असाइनमेंट : साक्षरता, वितरण, माध्यमं हे तीन वेगळे मुद्दे आहेत का?

निहारिका_आर
नमस्कार मंडळी. एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, 'उदयोन्मुख बाजारपेठा' या विषयाचं असाइनमेंट द्यायचंय. प्रश्न असा: ग्रामीण ग्राहकापर्यंत पोहोचताना कमी साक्षरता, वितरणाची मर्यादा आणि माध्यमांच्या सवयी यांमुळे येणाऱ्या अडचणींचं एका उदाहरणाच्या आधारे विवेचन करा.

मी तीन मथळे केले आणि प्रत्येकाखाली अडचण-उपाय असं लिहिलं. उदाहरण म्हणून खेड्यातल्या बायकांना विक्रेत्या करणारा हिंदुस्तान युनिलिव्हरचा 'शक्ती' प्रकल्प घेतला. कच्चा मसुदा सरांना दाखवला, तर त्यांनी समासात एवढंच लिहिलं, "हे तिन्ही खरंच वेगळे आहेत?" आणि मसुदा परत. आता काय करू? प्रत्यक्ष फील्डवर काम केलेलं कुणी असेल तर प्लीज लिहा. पुस्तकातलं सगळं माझ्याकडे आहे.

अर्धविराम
साक्षरतेचा मुद्दा सोपा आहे. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण साक्षरता ६८ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे तिघांतल्या एकाला वाचता येत नव्हतं. मग पाकिटावर अक्षरं कमी आणि चित्रं जास्त, झालं काम. वितरणासाठी कोका-कोलाचं आफ्रिकेतलं उदाहरण घे. १९९९ मध्ये इथिओपियात त्यांनी हातगाडीवाले छोटे वितरक नेमले आणि तेच मॉडेल पुढे टांझानिया वगैरे देशांत नेलं. ट्रक जात नाही तिथे हातगाडी जाते. शक्तीपेक्षा हे ताजं वाटेल, सगळी मुलं शक्तीच लिहितात.

बीटवाला
बरीच वर्षं साबण-शाम्पूच्या विक्रीत काढली, त्यातली निम्मी तालुक्याच्या खालच्या बाजारात. म्हणून लिहितो.

अर्धविराम, हातगाडीचं उदाहरण खरं आहे, पण ते ग्रामीण नाही. ती पद्धत सुरू झाली अदिस अबाबामध्ये, म्हणजे शहरात. गल्ल्या अरुंद, दुकानं लहान, माल साठवायला जागा नाही आणि दुकानाला दुकान लागून. हातगाडीवाल्याला थोड्याशा परिसरात भरपूर दुकानं मिळतात, म्हणून त्याचं पोट भरतं. खेड्यात रस्ता खराब असतो हे खरंच, पण खरी अडचण म्हणजे दोन दुकानांमधलं अंतर आणि प्रत्येक दुकानाची छोटी ऑर्डर. हे उदाहरण घालायचं तर 'दाट वस्तीत हे का चालतं आणि विरळ वस्तीत का चालणार नाही' असं घाला, मग त्याला अर्थ आहे.

निहारिकाताई, तुमच्या सरांचा प्रश्न बरोबर आहे. उत्तर द्यायला आधी एका गाडीचा हिशोब करू. रुपये नको, नुसते आकडे धरा.

डिस्ट्रिब्युटरची गाडी दिवसभर फिरवायचा खर्च १०० धरा. त्यात ड्रायव्हर, मदतनीस, डिझेल, गाडीचं भाडं सगळं आलं. त्याला विक्रीवर सुटतात ५ टक्के. म्हणजे दिवसाला २००० चा माल विकला तर गाडी फुकट फिरली, त्याच्यावर गेला तर कमाई. आता गाडी दिवसात सहा गावं करते. गावात दोन दुकानं, प्रत्येकाची ऑर्डर ४० ची. बारा दुकानं गुणिले ४०, झाले ४८०. त्यावर सुटले २४, खर्च १००. रोज ७६ चा खड्डा.

आता हुशार मॅनेजर म्हणतो, आठवड्याला कशाला जाता, पंधरवड्याला जा, ऑर्डर दुप्पट होईल. होत नाही. दुकानदाराकडे खेळतं भांडवल तेवढंच असतं, त्यामुळे ४० ची ८० न होता ६० होते. ७२० वर सुटले ३६. वर तो मधल्या काळात बाजारच्या गावी जाऊन होलसेलरकडून माल आणतो ते वेगळंच.

पुढचा उपाय, एकमेकांशी स्पर्धा नसलेल्या तीन कंपन्यांचा माल एकाच गाडीत. ४० च्या जागी १२०, म्हणजे १४४० ची विक्री आणि ७२ ची कमाई. अजून कमीच. पण याच रस्त्यावर बाजारच्या गावचा होलसेलर आहे, तो एकटा ७०० उचलतो. ती भर घातली की २१४० होतात आणि १०७ सुटतात. सुटला एकदाचा.

इथेच गोम आहे. गाडी नफ्यात आली ती होलसेलरमुळे. मग सेल्समन काय करतो? होलसेलर आधी, मग वेळ उरला तर गावं. चार महिन्यांत सहाची चार गावं होतात, चाराची दोन. कुणी ठरवून बंद करत नाही, आपोआप गळतात.

मातीमोल
छान धागा. माझं जैविक खत आहे, द्रवरूप. बायको आणि मी मिळून बनवतो. तुम्ही ग्रामीण मार्केटिंगवाले दिसता म्हणून विचारतो, डिस्ट्रिब्युटर कसा मिळवायचा? तीन कृषी सेवा केंद्रांना विचारलं, तिघेही म्हणतात हंगाम संपल्यावर पैसे देतो, उरलेला माल परत घ्या. फेसबुकवर जाहिरात टाकू का?

निहारिका_आर
@मातीमोल दादा, मी विद्यार्थिनी आहे हो, कंपनीवाली नाही. पण तुमचं उदाहरण मला उपयोगी पडेल असं वाटतंय, लिहीत राहा.

@बीटवाला काका, हिशोब कळला. पण कंपन्या तर म्हणतात आम्ही अमुक लाख गावांत थेट पोहोचतो. मग ती आकडेवारी कशी येते?

बीटवाला
काही खरी असते. काहींमागे एक जुना उद्योग असतो, त्याला आमच्यात बिलं फोडणं म्हणतात. महिन्याचं टार्गेट असतं 'इतक्या दुकानांना बिल झालं पाहिजे'. सेल्समन होलसेलरला एकगठ्ठा माल देतो आणि त्याचं बिल वीस लहान दुकानांच्या नावावर वाटून टाकतो. कागदावर वीस गावं झाली, माल एकाच गोदामात.

ओळखायचं कसं? बिलं महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत एकत्र आलेली असतात. वेगवेगळ्या दुकानांचा माल जवळजवळ सारखा असतो. खरं दुकान तसं नसतं. एखाद्याला साबण जास्त लागतो, दुसऱ्याला पावडर. सगळ्यात मोठी खूण म्हणजे त्या दुकानांतून कधीच काही परत येत नाही. फुटलेलं, उंदरानं कुरतडलेलं, मुदत संपलेलं, काहीच नाही. जिथे माल खरोखर जातो तिथून तक्रारही येते. म्हणून 'किती गावांत पोहोचलो' हा आकडा बघू नका. एकाच दुकानाचं सलग सहा महिन्यांत किती वेळा बिल झालं ते बघा.

अर्धविराम
हे सगळं वितरणाचं झालं. साक्षरतेचा याच्याशी काय संबंध? चित्राचा मुद्दा तर तुम्ही सोडूनच दिला.

बीटवाला
सोडला नाही, तिकडेच येत होतो.

न वाचणारं गिऱ्हाईक दुकानात ब्रँडचं नाव घेतंच असं नाही. "तो लाल साबण दे", "घोड्याचं चित्र असलेली पुडी दे" असं मागतं. म्हणजे रंग, आकार, चित्र हेच त्याच्यासाठी नाव. आता तुमची गाडी पंधरा दिवस आली नाही. दुकानदार होलसेलरकडे गेला. तिथे तोच लाल रंग, तसाच घोडा, फक्त नावातलं एक अक्षर वेगळं असलेला माल पडलाय आणि त्यावर त्याला दुप्पट सुटतात. तो काय आणेल? आणि गिऱ्हाईक काय ओळखेल? जे एक अक्षर बदललंय, तेच नेमकं त्याला दिसत नाही.

म्हणून तुमचा उपाय अर्धा बरोबर. चित्र ठळक केलंत की ओळख सोपी होते आणि नक्कलही सोपी होते. मोठ्या अक्षरांपेक्षा मोठा घोडा छापणं नकली मालवाल्याला सोयीचंच. ब्रँड मॅनेजर शहरात बसून पाकीट 'ताजं' करायला रंग बदलतात तेव्हा तर खेड्यात हाहाकार होतो. जुनं गिऱ्हाईक नव्या खऱ्या पाकिटाला डुप्लिकेट समजतं आणि जुन्या रंगाचं डुप्लिकेट घेऊन जातं.

शेवगाठ
चित्रं आपोआप कळतात हा मोठा गैरसमज आहे. मी प्रौढ शिक्षणात काम करते. चार चौकटी एकापुढे एक काढल्या की त्या क्रमानं वाचायच्या असतात, हेसुद्धा शिकावं लागतं. फुलीचं तसंच. मुलाच्या चित्रावर लाल फुली मारलेली असते, म्हणजे 'मुलांपासून दूर ठेवा' असं आपण वाचतो. न शिकलेल्या बाईंना नुसतं मूल दिसतं, आणि ते औषध मुलाचं वाटतं.

सगळ्यात चांगलं उदाहरण कीटकनाशकांच्या डब्यावरचं. भारतात कायद्यानं त्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी. आमच्या वर्गात मी विचारलं तर बहुतेकांनी सांगितलं हिरवा म्हणजे पिकाला चांगलं, आणि निळा म्हणजे पाण्यात टाकायचं. चित्र होतं, रंग होता, अक्षर लागत नव्हतं, तरी अर्थ उलटा गेला.

अजून एक. मधुबालन विश्वनाथन या प्राध्यापकांनी सहकाऱ्यांबरोबर २००५ मध्ये अमेरिकेतल्या कमी वाचता येणाऱ्या ग्राहकांवर अभ्यास प्रसिद्ध केला. लोक एकाच ठळक गोष्टीवर निर्णय घेतात, नुसती किंमत किंवा नुसता आकार. दोन गोष्टींची सांगड घालून 'दर' काढत नाहीत. हे अमेरिकेतलं आहे हे लक्षात घे निहारिका. म्हणजे कमी साक्षरता हा फक्त खेड्याचा किंवा गरीब देशाचा प्रश्न नाही. तुझ्या सरांना हे आवडेल.

अर्धविराम
मग पुड्यांचं काय? गरिबाला छोटी पुडी विकायची आणि मिलीलिटरमागे जास्त पैसे उकळायचे, हे तर सिद्धच आहे.

बीटवाला
बऱ्याच मालात खरं आहे. पण आपल्याकडच्या शाम्पूत बरेचदा उलटं असतं, पुडीतला शाम्पू बाटलीपेक्षा स्वस्त पडतो. स्पर्धेनं पुडीचा भाव दाबून धरलाय. म्हणून सरसकट लिहू नका, मालागणिक तपासा.

ध्वनिलहरी
उशिरा आले धाग्यावर. माध्यमांबद्दल कुणीच बोललं नाही, तर मी बोलते. जाहिरात संस्थेत माध्यम नियोजन करते.

निहारिका, 'ग्रामीण भागात टीव्ही कमी' एवढ्यावर थांबू नकोस. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण घरांपैकी साधारण ३३ टक्क्यांत टीव्ही होता, रेडिओ १७ टक्क्यांत आणि कुठला ना कुठला फोन ५४ टक्क्यांत. म्हणजे फोन टीव्हीच्या पुढे गेला होता. बिहारमध्ये तर दिव्यासाठी वीज वापरणारी घरंच १६ टक्क्यांच्या आसपास होती. टीव्ही असला तरी लावणार कशावर?

यातूनच 'कान खजूरा टेशन' आलं. हिंदुस्तान युनिलिव्हरनं बिहार-झारखंडमध्ये सुरू केलं. एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, उलटा फोन यायचा, पंधरा मिनिटं गाणी, विनोद आणि मधे कंपनीच्या जाहिराती. ऐकणाऱ्याला एक पैसा खर्च नव्हता. २०१४ मध्ये 'कान लायन्स' या जाहिरातींच्या महोत्सवात त्याला सुवर्णपदकं मिळाली. मिस्ड कॉल ही लोकांची आधीच असलेली सवय होती, ती त्यांनी उचलली. नवीन सवय लावायला गेले नाहीत.

पण याला दोन मर्यादा आहेत आणि असाइनमेंटमध्ये सहसा कुणी लिहीत नाही. एक, 'घरात फोन आहे' म्हणजे बाईच्या हातात फोन आहे असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या ग्रामीण स्त्रिया ४७ टक्क्यांच्या जवळपास होत्या. साबण-शाम्पू कोणता आणायचा हे ती ठरवते आणि जाहिरात ऐकतो नवरा किंवा मुलगा. दुसरं, २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला. आता फुकट गाण्यासाठी कुणी मिस्ड कॉल का देईल? त्यामुळे आज ते मॉडेल जसंच्या तसं सुचवलंस तर मार्क जातील.

बीटवाला
ध्वनिलहरीताईंच्या मुद्द्याला माझ्या बाजूनं एक जोड. जाहिरात पोहोचली आणि माल नाही पोहोचला तर काय होतं? आमच्या वेळी एका तालुक्यात रेडिओवर जोरात जाहिरात लागली होती. गाव न् गाव जिंगल म्हणत होतं. आमची गाडी त्या रस्त्यावर बंद झालेली. लोक दुकानात जाऊन तोच रंग मागायला लागले. त्या महिन्यात होलसेलरकडे सगळ्यात जास्त खपला तो दुसराच, आमच्यासारखा दिसणारा माल. जाहिरातीचे पैसे आमचे, धंदा त्याचा.

आता सरांनी समासात लिहिलेलं पुन्हा वाचा.

निहारिका_आर
बाप रे. म्हणजे गाडी येत नाही म्हणून होलसेलर, होलसेलरकडे नक्कल, वाचता येत नाही म्हणून ती ओळखू येत नाही, आणि जाहिरात त्या नकलेचीच मागणी वाढवते. एका मथळ्याखालचा उपाय दुसऱ्याखाली नुकसान करू शकतो. हे मी कुठेच वाचलं नव्हतं.

मग यात शक्ती प्रकल्प कुठे बसतो? की उदाहरण बदलू?

बीटवाला
बदलू नका, फक्त हिशोबातून बघा. प्रकल्प २००१ च्या सुमारास नलगोंडा जिल्ह्यात सुरू झाला. तेव्हा आंध्र प्रदेश, आता तेलंगणा. कंपनीचं नावही तेव्हा हिंदुस्तान लिव्हर होतं. दोन हजारांच्या आतली गावं, म्हणजे गाडीला परवडतच नाहीत अशी, आणि बचत गटातल्या बायका.

आपली तीच गाडी घ्या. आता ती गावात दोन दुकानांत न जाता एकाच बाईकडे थांबते आणि तिची ऑर्डर ३०० ची आहे. सहा गावं, १८०० विक्री, ९० सुटले. होलसेलर न घेता गाडी जवळपास बरोबरीला आली, तेही एकाच कंपनीच्या मालावर. पुढे दारोदार विकणं आणि दुकानांना देणं हे बाई करते. म्हणजे प्रकल्पानं ऑर्डर मोठी केली आणि शेवटचे दोन-तीन किलोमीटर गाडीच्या खर्चातून काढून बाईच्या पायांवर घातले.

साक्षरता आणि माध्यमंही तिथेच येतात. बाई ओळखीची आहे, माल तिच्याकडून घेतला म्हणजे खरा. तीच सांगते कसा वापरायचा. त्याच सुमारास लाइफबॉयचा 'स्वास्थ्य चेतना' कार्यक्रम होता, २००२ पासून. त्यात मुलांच्या हाताला एक पावडर लावायची, नुसत्या पाण्यानं हात धुवायला सांगायचं आणि मग खास दिव्याखाली धरायचं. स्वच्छ दिसणारे हात चमकायचे. जंतू या शब्दावर भाषण द्यावं लागत नव्हतं.

आता कुठे अडतं ते. बाईनं कर्ज काढून माल घेतलेला. विकायचा शेजारणीला, नणंदेला, जावेला. उधारी मागितली तर नाही कशी म्हणणार? दुकानदार नाही म्हणू शकतो, तिला गावात राहायचंय. तीन महिन्यांत भांडवल उधारीत अडकतं, पुढच्या मालाला पैसे नाहीत. हे ओळखायची खूण सोपी: तिची ऑर्डर बंद होत नाही, आधी लहान होते आणि महागडा माल गळतो. ऑर्डरीत नुसत्या पुड्याच राहिल्या की समजायचं उधारी चढली.

मातीमोल
हे आमच्याच घरातलं बोललात! बायकोनं गावात उधारीवर खत दिलं, आता मागायला लाज वाटते म्हणते. फेसबुकचं राहू दे. पण एक सांगतो, एका शेतकऱ्याच्या वावरात सहा ओळींना आमचं खत घातलं आणि शेजारच्या सहा ओळी तशाच ठेवल्या, बांधाला काठी रोवून. वाटेनं येणारा-जाणारा थांबून विचारतो. तेवढ्यावर नऊ जणांनी रोख नेलं. पण पुढच्या गावात न्यायचं तर परत काठी रोवा आणि महिनाभर थांबा.

शेवगाठ
@मातीमोल काठी रस्त्याकडेला रोवली होती की आत? आणि पाणी दोन्ही ओळींना सारखं होतं ना? नाहीतर लोक म्हणतील पाण्यानं वाढलं.

मातीमोल
रस्त्याकडेला. पाणी सारखंच, पण तो शेतकरी नात्यातला आहे हे गावाला माहीत आहे, त्यामुळे काही जण हसतात. पुढच्या वेळी नात्याबाहेरचा बघतो.

ध्वनिलहरी
बीटवाला, एक शंका. शक्तीची विक्री नवी होती की होलसेलरकडून येणारीच विक्री बाईकडे सरकली? कंपनीच्या हिशोबात दोन्ही सारखंच दिसतं.

बीटवाला
प्रश्न रास्त आहे. मी असतो तर बाजारच्या गावच्या होलसेलरची उचल आधी-नंतर बघितली असती आणि शेजारच्या, शक्ती नसलेल्या तालुक्याशी ताडली असती. पण होलसेलरचा माल कुठल्या गावाला गेला हे त्यालाही माहीत नसतं, त्यामुळे पक्कं सांगता येणार नाही.

ध्वनिलहरी
त्यापेक्षा घरोघरी रिकाम्या वेष्टनांची नोंद ठेवावी, काय वापरलं ते तिथेच कळतं. होलसेलरच्या उचलीवर माझा विश्वास नाही, तो स्कीम आली की तीन महिन्यांचा माल भरून ठेवतो.

बीटवाला
वेष्टनं गोळा करायला कोण जाणार? परत तीच गाडी आली. :)

निहारिका_आर
मी शक्तीच ठेवतेय, तीन मथळे काढून टाकले आणि गाडीचा तक्ता सुरुवातीला घातला. एकच ठिकाणी अडलेय. गाडीचा ड्रायव्हर, मदतनीस यांची मजुरी आपण खर्चात धरली. मग बाईच्या चालण्याची मजुरी तक्त्यात कुठे धरायची? सुरुवातीच्या वर्णनांत महिन्याला दहा-पंधरा हजारांची विक्री आणि हातात साधारण हजार रुपये असं येतं.

बीटवाला
दोन रकाने करा. एकात शून्य, दुसऱ्यात त्या वेळची शेतमजुरी गुणिले ती फिरली ते दिवस. दुसऱ्या रकान्यात काय येतं ते बघा आणि मगच निष्कर्ष लिहा.

अर्धविराम
दुसरा रकाना चुकीचा आहे. ती घरची कामं सांभाळून विकते, पूर्ण दिवस मजुरीला थोडीच गेली असती?

शेवगाठ
पेरणी-काढणीच्या दिवसांत गेली असती की. निदान वर्ष दोन भागांत तोडून मांड, निहारिका. आणि तक्ता झाला की इथे टाक.